डिस्प्ले जर्मन, कागद कोल्हापूरचा: प्रिंटरची प्रश्नोत्तरे

कसबा बावड्यात झेरॉक्सचं दुकान आहे. जुनी लेझर मशीन घेतली, डिस्प्ले जर्मन. “Papierstau” आलं म्हणून अडकलेला कागद ओढून काढला, तरी मेसेज जाईना. आत तर काहीच दिसत नाही.

Papierstau म्हणजे पेपर जाम, पण त्याच्या शेजारचा शब्दही वाचा. Fach 2 असेल तर दोन नंबरचा ट्रे, hinten म्हणजे मागची बाजू, innen म्हणजे आत, टोनरच्या भागात. तुम्ही पुढून कागद काढला असेल आणि मशीन hinten म्हणत असेल, तर मागचं झाकण उघडल्याशिवाय काम होणार नाही.

कागद निघाला तरी मेसेज का राहतो? कागदाच्या वाटेवर प्लास्टिकच्या लहान जिभा असतात. कागद आला की त्या दबतात, गेला की स्प्रिंगनं परत उठतात. एखादी दबलेलीच राहिली, की मशीनच्या हिशेबात कागद अजून आतच आहे.

आधी काढलेला कागद टेबलावर पसरा आणि चारही कोपरे आहेत का बघा. एखादा कोपरा नसेल तर तो आतच आहे, नखाएवढा तुकडासुद्धा पुरतो. प्लग काढा आणि अर्धा तास थांबा, कारण मागच्या बाजूचा फ्यूजर, म्हणजे उष्णतेनं टोनर कागदाला चिकटवणारा भाग, चांगलाच तापलेला असतो. मग टोनर-ड्रम बाहेर काढून वर्तमानपत्राखाली झाकून ठेवा, उजेडानं ड्रम खराब होतो. टॉर्च मारून तुकडा शोधा आणि कागद जातो त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी ओढा. शेवटी प्रत्येक जीभ बोटानं दाबून सोडा. ती टुणकन उठली पाहिजे. सगळी झाकणं लावून मशीन चालू केली की ती नव्यानं तपासते. जिभा ठीक असूनही मेसेज राहिला, तर सेन्सर किंवा फ्यूजरचा दोष धरा आणि मेकॅनिकला बोलवा.

जाम पुन्हा पुन्हा होत असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा कागदावर संशय घेतो. आपल्याकडच्या पावसात उघडी रीम ओल धरते, दोन कागद चिकटून जातात. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये ठेवा, बाकीचा पाकिटात गुंडाळून ठेवा.

भाषा बदलायची असेल तर मेन्यूत Sprache शोधा, त्यात English असतं.

सर, मी विद्यापीठात शिकते. इंक टँकचा कॅनन जी-सिरीज प्रिंटर आहे. सीडीवरून ड्रायव्हर टाकला तो चायनीज निघाला. प्रत्येक प्रिंटला एक चौकट येते, त्यात 1641 दिसतं. कुठलं बटण दाबू?

आधी काहीच दाबू नका, टाकीकडे बघा. चौकटीतली वाक्यं सोडून द्या, कोड कुठल्याही भाषेत तोच राहतो. 1641 म्हणजे शाई खालच्या रेषेपर्यंत आली असावी, असा इशारा. “असावी” म्हणतोय, कारण हा प्रिंटर टाकीत डोकावत नाही, किती छापलं त्याचा हिशेब ठेवून अंदाज करतो. मध्ये कुणी शाई भरून हिशेब शून्यावर आणला नसेल, तर टाकी भरलेली असतानाही चौकट येते.

शाई खरंच खालच्या रेषेशी असेल तर वरच्या रेषेपर्यंत भरा आणि मगच काउंटर रीसेट करा. न भरता रीसेट करणारे बरेच भेटतात. मग चौकट गप्प बसते, छपाई चालू राहते, आणि नळीत हवा शिरून एखादा रंग गायब होतो. तो परत आणायला क्लीनिंगमध्ये जी शाई जाते, ती बाटलीच्या किमतीतूनच जाते.

चौकटीत 确定 म्हणजे ओके आणि 取消 म्हणजे रद्द. पण खरा उपाय म्हणजे ड्रायव्हर बदलणं. प्रिंटर सेटिंग्जमधून काढून टाका, मग विंडोज की आणि R दाबून हे टाका:

```
printui /s /t2
```

यादीतून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर निवडून पॅकेजसकट काढा. हे न करता नवीन टाकलात तर विंडोज पुष्कळदा जुनाच उचलतं. नंतर कंपनीच्या भारताच्या साइटवरून, नेमकं मॉडेल बघून, इंग्रजी ड्रायव्हर घ्या.

गांधीनगरात एक जपानी कॉपिअर स्वस्तात मिळतोय. डिस्प्ले जपानी आहे, तेवढं शिकून घेईन. घेऊ का?

भाषेचं बघता येईल, 紙づまり म्हणजे पेपर जाम हे दोन दिवसांत डोळ्यांना सवयीचं होतं. मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथं 100V लिहिलं असेल तर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावायचं नाही, फ्यूजर किंवा पॉवर सप्लाय जळेल. पट्टीवर 15A असेल तर दीड हजार वॅटच्या वर पेलणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर चालणार नाही. त्याची किंमत धरून सौदा करा, आणि टोनर इथं मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारा.