रात्रीची भाकरी बंद करायला सांगणाऱ्या सरांना काही सांगायचंय

प्रश्न : भरतीची तयारी करतोय. सकाळी ग्राउंड, संध्याकाळी जिम. झोपायच्या आधी प्रोटीन घेतलं तर रिकव्हरी जास्त होते का? आणि रात्री भाकरी-भात खाल्ला की त्याची चरबीच होते म्हणतात, खरं का?

चरबीचं आधी सांगते, कारण त्यावरूनच माझं एका ॲकॅडमीच्या सरांशी वाजलं होतं आणि अजून पुरतं मिटलेलं नाही.

धुळ्यात देवपूरला माझी मेस आहे. निम्मी पोरं भरतीवाली. होम सायन्सची पदवी घेऊन पोळ्या लाटते म्हणून नातेवाईक हसतात, ते सोडा. यातलाच शिरपूरकडचा एक पोरगा, वजन बासष्ट किलो, अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही. एक दिवस ताट पुढे सरकवून म्हणाला, "मावशी, रात्रीची भाकरी बंद. सरांनी सांगितलंय." जेवण काय, तर काकडी, गाजर आणि सरांकडूनच विकत घेतलेल्या पावडरीचा एक स्कूप.

आठवडाभरात वजन दीड किलो उतरलं. सरांनी सगळ्या पोरांसमोर त्याला काट्यावर उभं करून दाखवलं, बघा चरबी कशी जळते. मग गावी एका लग्नात तो वरण-बट्टी दाबून जेवून आला आणि दुसऱ्या दिवशी काटा एक किलो आठशे ग्रॅमने वर. सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

आता हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. एक किलो आठशे ग्रॅम चरबी एका रात्रीत चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर जवळजवळ चौदा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. तुपात बुडवलेली बट्टी तीनशे कॅलरीची धरली तरी शेहेचाळीस बट्ट्या होतात. आमच्याकडची माणसं खातात, पण इतकी नाही.

मग काटा का हलला? खाल्लेलं पिठूळ अन्न शरीर स्नायूत आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बसतं. भाकरी तोडली आणि व्यायाम चालू ठेवला की तीनशेक ग्रॅम साठा संपतो, त्याच्यासोबत नऊशे ग्रॅम पाणी जातं. झाला सव्वा किलो. वरून मीठ कमी झालं, पोटात अन्न कमी राहिलं. बट्टी खाल्ली की तेच सगळं परत येतं. चरबी बघायची असेल तर रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि बेंबीपाशी टेप लावा. टेप हलत नसेल आणि काटा नाचत असेल तर ते पाणी आहे. दिवसाचा एकूण हिशेब आठवड्यामागून आठवडे जास्त गेला तर चरबी वाढणारच, मग ती सकाळच्या पोह्यांनी वाढो की रात्रीच्या भाताने.

गंमत म्हणजे इस्रायलमध्ये हा प्रयोग पोलिसांवरच झाला, 2011 साली छापून आला. जाड पोलिसांना सहा महिने कमी कॅलरीचं जेवण दिलं, त्यातल्या एका गटाची बहुतेक कर्बोदकं रात्रीच्या जेवणात ठेवली. त्या गटाचं वजन उलट थोडं जास्तच उतरलं. मी हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडची गोष्ट वेगळी." तिकडच्या पोळीला काय वेगळं पीठ लागतं?

खरं नुकसान वजनाचं नव्हतंच. पोरगा संध्याकाळी स्क्वॉट मारायचा, म्हणजे मांड्यांमधला साठा तिथेच वापरला जायचा. तो भरायला कर्बोदकं लागतात आणि पुरेसं खाल्लं तरी पूर्ण भरायला एक दिवस लागतो. याच्या ताटात काकडी. पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटरला पहिला राउंड ठीक, नंतर एकदम खाली. येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, पाय जड पडी ऱ्हायनात." सर म्हणाले जिद्द कमी पडते.

आता प्रोटीन. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2012 मध्ये संध्याकाळी व्यायाम केलेल्या तरुणांना झोपताना 40 ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातलं प्रोटीन, दिलं, तेव्हा रात्रभर स्नायू बांधायचा वेग साधारण 22 टक्क्यांनी जास्त दिसला. 2015 मध्ये त्यांनीच बारा आठवडे रोज रात्री 27.5 ग्रॅम दिलं आणि ताकद, मांडीचा स्नायू दोन्ही जास्त वाढले. पावडर विकणारे इथेच थांबतात. पण दुसऱ्या गटाला झोपताना नुसतं बिनकॅलरीचं पाणी होतं, म्हणजे पहिल्या गटाचं दिवसाचं एकूण प्रोटीनच जास्त होतं. पुढे दुसऱ्या एका प्रयोगात दोन्ही गटांना केसीन सारखंच ठेवून एकाला सकाळी आणि दुसऱ्याला रात्री दिलं, तर फरक सापडला नाही. त्यामुळे मी म्हणते, आधी दिवसाची बेरीज करा.

या पोराची बेरीज अशी : सकाळी पोहे-चहा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, पातळ वरण मिळून अठ्ठावीसेक ग्रॅम. रात्रीचा स्कूप चोवीसचा. म्हणजे पन्नाशीच्या जरा वर. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे 1.6 ग्रॅम धरतात, म्हणजे याला शंभराच्या आसपास हवं.

मी त्याचं ताट बदललं. दोन कळण्याच्या भाकरी, घट्ट वरणाची वाटी, तीन उकडलेली अंडी, आणि झोपायच्या आधी दोन पेले दूध, मिळून साठेक ग्रॅम. चार वाजता मूठभर फुटाणे. कळणा मुद्दाम. ज्वारीत लायसीन हा प्रोटीनचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर, म्हणून तीन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद दळून आणते. दुधातल्या प्रोटीनपैकी ऐंशी टक्के केसीनच असतं, पण एका पेल्यात एकूण प्रोटीनच जेमतेम आठ ग्रॅम. हळदीचं एक पेला दूध पिऊन "प्रयोगातलं प्रोटीन घेतलं" म्हणू नका, चाळीस ग्रॅम प्रोटीनसाठी सव्वा लिटर लागेल.

काटा लगेच वर गेला, सर भडकले, टेप हलला नाही. पाय जड पडायचं बंद झालं.

म्हणून तुम्हीही तसंच करा : भाकरी ठेवा, ताटात डाळ-अंडी वाढवा, आणि तरीही बेरीज कमी पडली तर झोपताना पनीर किंवा दूध घ्या. पावडर घेतलीत तरी माझी हरकत नाही, फक्त ती जेवणाच्या जागी नको. आणि ग्राउंड घेणाऱ्याकडूनच डबा विकत घेत असाल तर त्याच्या सल्ल्यातला किती भाग डब्यासाठी आहे ते बघा.

एक राहिलंच. शुगर असेल तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. संध्याकाळी शरीर साखर सकाळपेक्षा वाईट हाताळतं, डॉक्टरांना विचारून रात्रीची भाकरी कमी करावी लागू शकते. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचंही विचारूनच. आंबट ढेकर येत असतील तर जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, आणि शेवभाजी दुपारी खा. रात्री अकराला लाल तर्रीची शेवभाजी ओरपून सकाळी छातीत जळजळ झाली तर त्याचा दोष कर्बोदकांवर टाकू नका.

ते सर हे वाचत असतील तर त्यांच्या ॲकॅडमीतल्या पाच पोरांचं मागच्या महिन्याचं मेसबिल बाकी आहे, तेवढं आठवण करून द्या म्हणावं त्यांना.