शेजाऱ्यांशी झालेली बोलणी रेकॉर्ड केली आहेत, आता कागदावर काय लिहू?

प्रश्न: कोथरूडला आमचा जुना बंगला आहे. शेजाऱ्यांनी नऊ वर्षांपूर्वी बांधलेली कंपाउंडची भिंत एक फूट आमच्या हद्दीत आली आहे, असं आमचं म्हणणं आहे. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी दोघांना समोरासमोर बसवलं. दोघांच्या संमतीने सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड झालं. आता 'दोघांना मान्य असलेले मुद्दे' लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी पहिला मुद्दा लिहिला : 'शेजारी एक फूट जागा सोडणार.' शेजारी म्हणतात, मी असं म्हणालोच नाही. त्यांच्या मिळकत पत्रिकेवर त्यांच्या बहिणीचंही नाव आहे. काय करू?

उत्तर: तुम्ही पाठवलेला उतारा वाचला. त्यात शेजाऱ्यांचं वाक्य असं आहे : "मोजणी करा, खर्च तुमचा. तसं निघालं तर दिवाळीनंतर भिंत मागे घेतो." त्यावर तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, मोजणी मी करून घेतो." इथे एक फूट कबूल झालेला नाही. मोजणीचा खर्च, मोजणीचा निकाल आणि दिवाळीनंतरची मुदत, या तिन्ही अटी त्या एकाच वाक्यात आहेत. तुम्ही अटी गाळल्या आणि फळ तेवढं लिहिलं, म्हणून ते चिडले. त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं.

तो मुद्दा असा लिहा : 'हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यायची. मोजणीचा खर्च अमुक यांनी करायचा. मोजणीच्या नकाशात भिंत अमुक यांच्या हद्दीत असल्याचे दिसल्यास तमुक यांनी दिवाळीनंतर ती स्वखर्चाने काढून घ्यायची.' मात्र 'स्वखर्चाने' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तो त्यांना विचारूनच घाला, आणि 'दिवाळीनंतर'च्या जागी त्यांच्याकडून ठरावीक तारीख घ्या. मोजणीत भिंत त्यांच्याच हद्दीत निघाली तर काय, हेही त्याच मुद्द्यात यायला हवं. एकाच बाजूच्या निकालाचा विचार करून लिहिलेल्या कागदावर समोरचा माणूस सही का करेल?

नव्या भिंतीच्या खर्चाचं प्रकरण वेगळं आहे. मध्यस्थ म्हणाले, "निम्मा निम्मा करा." तुम्ही "चालेल" म्हणालात आणि शेजारी म्हणाले, "बघू ना, आधी मोजणी होऊ दे." आपल्याकडे 'बघू' म्हणजे होकार नसतो. त्यानंतरची शांतताही होकार नाही. तेव्हा हा मुद्दा 'मान्य' या भागात घेऊ नका. खाली 'अजून ठरायचे आहे' असा भाग करा आणि तिथे एका ओळीत लिहा. प्रत्येक मुद्द्यापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकलीत, तर वाद झालेली जागा दोघांना एकत्र बसून ऐकता येईल.

बोलण्याच्या भरात निघालेलं बाकीचं काहीही त्या कागदात नको. शेजारी एकदा म्हणाले, "गवंड्याने चूक केली असेल कदाचित." तडजोडीच्या ओघात माणूस असं बोलून जातो. ते टिपून पुढे पुरावा म्हणून वापरायला गेलात तर ते पुन्हा बोलणीला बसणार नाहीत. म्हणून कागदाच्या वरच लिहा की ही बोलणी दोघांच्या हक्कांना बाधा न येता झाली आहेत आणि कुणीही ती कोर्टात वापरणार नाही. रेकॉर्डिंगही मध्यस्थांकडेच राहू द्या. पुढे अधिकृत मध्यस्थाकडे गेलात तर मात्र रेकॉर्ड करू नका. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात कामकाजाच्या ध्वनिमुद्रणाला मनाई आहे.

सह्यांमध्ये बहिणीची सही हवीच. मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्या सहमालकाला वगळून भावाने हद्दीबद्दल दिलेला शब्द तिच्यावर बंधनकारक ठरेलच असं नाही. ती बोलणीला नव्हती, त्यामुळे आधी तिला कागद वाचू द्या.

भिंत मोजणीतल्या हद्दीवर परत गेली तर जो तो आपापल्या जागेत राहतो, कुणाची जमीन कुणाला जात नाही. पण पुढे 'तो फूट राहू द्या, आम्ही पैसे देतो' असं ठरलं तर तो जमिनीचा व्यवहार झाला. त्याला मुद्रांक शुल्क भरून नोंदणी केलेला दस्त लागेल, हा सारांश पुरणार नाही.

सह्या झालेला सारांश हा करार असतो, कोर्टाचा हुकूमनामा नसतो. कुणी शब्द फिरवला तर दावा लावावाच लागेल. म्हणून मोजणीनंतर सगळं ठरलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात, दावापूर्व लोक अदालतीसाठी अर्ज करा. तिथे झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसतं.

एक काळजी मात्र आजपासून घ्या. भिंतीला नऊ वर्षं झाली आहेत. दुसऱ्याचा प्रतिकूल ताबा सुरू झाल्यापासून 12 वर्षांत ताब्याचा दावा लावावा लागतो, आणि तोंडी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. मोजणीचा अर्ज या आठवड्यातच करा. मोजणी किंवा सह्या रेंगाळत राहिल्या, तर बोलणी चालू ठेवूनही मुदतीच्या आत दावा दाखल करून ठेवा.