ऐन इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी ताप, एचआरला कसं कळवू?

प्रश्न: उद्या सकाळी ११ ला व्हिडिओ कॉलवर टेक्निकल राउंड आहे आणि आज दुपारपासून १०२ ताप आहे. तारीख पुढे मागितली तर एचआर नाराज होईल का? नक्की काय लिहू?

उत्तर: पुण्यात आयटी भरतीच्या कामात मी काही वर्षं काढली, त्यामुळे पलीकडच्या खुर्चीतून सांगते. तुमच्या आजारपणाने एचआर चिडत नाही. पॅनलवरच्या दोन सिनियर लोकांचा एक तास तिने मिनतवारी करून मिळवलेला असतो आणि तो वाया गेला की बोलणी तिला बसतात. सकाळी दहा वाजता कळवलंत तर तिच्या हातात काहीच उरत नाही. आज रात्री कळवलंत तर त्या वेळेत ती दुसरा उमेदवार बसवू शकते. तेव्हा "सकाळी बरं वाटेल, बघू" म्हणून थांबू नका.

आत्ता इंटरव्ह्यूच्या मेललाच रिप्लाय करा, म्हणजे तिला संदर्भ शोधावा लागणार नाही. सकाळी नऊ-साडेनऊला एक फोनही करा, कारण रात्रीचा मेल कधीकधी अकरानंतरच उघडला जातो. कॅलेंडरच्या निमंत्रणावर नुसतं Decline दाबून मोकळं होऊ नका. पॅनलला त्यातून एवढंच कळतं की उमेदवाराने नकार दिला. कन्सल्टन्सीमार्फत आला असाल तर त्यांनाही त्याच वेळी सांगा.

माझ्याकडे एका मुलाचा मेल आला होता, जेमतेम चार ओळींचा. ताप आहे, उद्या ११ ला नीट बोलता येणार नाही, तुमची आणि पॅनलची गैरसोय होतेय त्याबद्दल माफ करा, गुरुवारी दुपारी तीननंतर किंवा शुक्रवारी दिवसभर मी मोकळा आहे. बस्स. रिपोर्ट नाही, सलाइनचा फोटो नाही. (असे फोटो येतात, आणि ते बघून उलट शंकाच येते.) आम्हाला खरी धास्ती असते ती उमेदवार दुसरी ऑफर हातात घेऊन टोलवाटोलवी करतोय याची. त्याने स्वतःहून दोन वेळा दिल्यामुळे तो प्रश्नच उरला नाही. मी मेल तसाच पॅनलला पाठवला आणि शुक्रवार ठरला.

तारीख देताना मात्र घाई करू नका. ताप उतरला तरी दोन दिवस अंगात त्राण नसतं. लगेच परवाची वेळ मागून तीही पुढे ढकललीत, तर दुसऱ्यांदा पॅनलकडे शब्द टाकायला एचआर कचरते. चार-पाच दिवसांनंतरची वेळ मागा. जागा तातडीने भरायची असेल तर ती तसं सांगेल, आणि तेवढं थांबणं तिला खरंच जमणार नाही. शनिवारच्या हायरिंग ड्राइव्हचंही तसंच, तो एका माणसासाठी हलत नाही. तिथे पुढचा ड्राइव्ह कधी आहे ते विचारा.

आता मेल टाका आणि झोपा.