अकरा लेट मार्क आणि तीन तारखा

"ताई, गिरगावात आमचं छोटं हॉटेल आहे. एक वेटर सतत उशिरा येतो. तोंडी सांगून थकलो. आता लेखी वॉर्निंग द्यायची म्हणतोय, पण माणूस कामाला चांगला आहे आणि जुना आहे. पत्र कडक हवं, पण उद्या तो लेबर ऑफिसला गेला तर माझ्यावर उलटू नये. कसं लिहू?"

दोन वर्षांपूर्वी दादरच्या एका उपाहारगृहाचे मालक त्यांच्या एका वेटरला द्यायचं असंच पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. आपण त्यांना काका म्हणू. पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: "तू नेहमी उशिरा येतोस. वारंवार सांगूनही सुधारणा नाही. यापुढे एकदाही उशीर झाल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता कामावरून काढण्यात येईल."

मी विचारलं, "नेहमी म्हणजे किती वेळा?" काकांनी मोबाइल काढला. काउंटरमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो होता. कॅशियरने तारखांच्या चौकोनात पेन्सिलीने 'लेट' लिहिलेलं. मोजले तर 11. मस्टरमध्ये मात्र त्या सगळ्या दिवशी नुसता 'P'. म्हणजे उद्या कुणी विचारलंच, तर काकांचंच मस्टर त्या पोराच्या बाजूने बोलणार होतं.

म्हणून पत्र महिनाभर थांबवलं आणि आधी एक साधी वही ठेवली. येणाऱ्याने स्वतःच्या हाताने वेळ लिहायची, सही करायची, शेजारी कॅशियरची सही. वही सगळ्यांसाठी, भटारखान्यासकट. काकांचा भाचा तिथे कॅप्टन आहे, तो कुरकुरला. एकट्या वेटरसाठी वही ठेवली असती तर ती शिस्त ठरली नसती, त्याच्यावर डूख धरल्यासारखं दिसलं असतं.

महिन्याने वही पाहिली. त्याचे लेट पुन्हा 11 च निघाले. मग मी ड्युटीचा तक्ता मागितला आणि दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. अकरापैकी सात दिवस असे होते, की आदल्या रात्री त्याला क्लोजिंग होतं. शटर खाली येऊन टेबलं पुसून होईपर्यंत साडेबारा. राहायला नालासोपारा. शेवटच्या विरार लोकलसाठी धावायचं, खोलीवर पोचेपर्यंत दोन वाजून गेलेले, आणि सकाळी साडेसहाला नाश्त्याच्या ओपनिंगला दादरला हजर व्हायचं तर साडेचारला उठायचं. अडीच तासांचीही झोप नाही! हे त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि काकांनी कधी विचारलं नव्हतं. तक्ता लावायचा भाचा.

दुपारी चारच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना, काका, तो वेटर आणि मी माडीवर बसलो. काउंटरवर, बाकीच्या पोरांसमोर हे बोलणं करू नये. बाकीच्या चार तारखा वेटरसमोर ठेवल्या. एका दिवशी पश्चिम रेल्वे विस्कळीत होती. त्याच मार्गाने येणारा कुकही त्या दिवशी उशिरा आल्याचं वहीत होतं, म्हणून ती तारीख सोडली. उरल्या तीन. त्यांचं कारण विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "झोप लागली, मॅडम."

"अकरामधल्या तीनच लिहायच्या? मग पत्राला वजन काय राहिलं?" काका वैतागले. माझं म्हणणं असं, की ज्या सात दिवसांचा दोष तक्त्याचा आहे ते घातले, की समोरचा माणूस त्या सातांवर बोट ठेवतो आणि खऱ्या तीनही त्यांच्याबरोबर वाहून जातात. तीन तारखा, ज्यांना त्याच्याकडे उत्तर नाही, त्या अकरांपेक्षा जड.

पैशांचा विषयही निघालाच. काका 'तीन लेट म्हणजे अर्धा दिवस कट' या हिशेबाने पगार कापायचे. मुंबईत ही पद्धत सर्रास आहे, पण कायद्यात बसत नाही. जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच वेळाचा पगार कापता येतो. त्या महिन्यात त्यांनी तीन अर्धे दिवस, म्हणजे 12 तास कापले होते. वहीतला सगळा उशीर मिळून भरला साडेपाच तास. जास्तीचे साडेसहा तास त्याला परत द्यायला लावले, तेही पत्र देण्याआधी.

मग पत्र लिहिलं. शुद्ध मराठीत, कारण तो मराठी वाचतो. तुमच्याकडचा मुलगा हिंदी वाचणारा असेल तर हिंदीत द्या. न कळणाऱ्या भाषेतल्या पत्रावरची सही काही कामाची नाही.

"विषय: कामावर उशिरा येण्याबाबत लेखी ताकीद.
आपली ड्युटी सकाळी 6:30 ला सुरू होते. हजेरीच्या वहीनुसार आपण 5 तारखेला 6:55, 13 तारखेला 7:10 आणि 22 तारखेला 7:05 वाजता आलात. या तिन्ही दिवशी आदल्या रात्री आपल्याला क्लोजिंग नव्हते. आपण येईपर्यंत नाश्त्याची नऊ टेबले एकाच वेटरला सांभाळावी लागली. याबाबत आपल्याशी समक्ष बोलणे झाले असून, झोप लागल्याचे आपण सांगितले.
यापुढे वेळेवर यावे. अडचण असल्यास सकाळी 6 च्या आत कॅशियरला फोन करावा. क्लोजिंगनंतर दुसऱ्या दिवशी आपल्याला ओपनिंग दिले जाणार नाही. आपले म्हणणे असल्यास 7 दिवसांत लेखी द्यावे, ते या पत्रासोबत ठेवले जाईल. असेच पुन्हा घडत राहिल्यास आपले म्हणणे ऐकून रीतसर चौकशी व पुढील कारवाई केली जाईल."

आळशी, बेजबाबदार, उद्धट असा एकही शब्द नाही. 'पूर्वसूचना न देता काढू' हेही काढलं, कारण तसं काढता येत नाही. वारंवार उशिरा येणं हे गैरवर्तन धरलं जातं हे खरं. पण त्यावरून काढायचं तर आरोपपत्र, चौकशी आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. जी धमकी आपण पाळू शकत नाही, ती लिहिली की फाइलमध्ये आपल्याच विरुद्धचा कागद तयार होतो.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. त्याने आमच्या प्रतीवर सही केली आणि खाली लिहिलं, "पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही." काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं सगळं फुकट गेलं. खरं तर आपल्याला हवं होतं ते पहिलं वाक्य. पत्र पोचलं याची ती सही आहे, कबुलीजबाब नव्हे. 'मजकूर मान्य नाही' ही ओळ खोडायला लावणं किंवा दमदाटी करून कोरी सही घेणं मात्र अंगलट येतं. तो घ्यायलाच नाही म्हणाला असता, तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी "वाचून दाखवले, घेण्यास नकार दिला" असं लिहून, दुसऱ्याच दिवशी त्याच्या पत्त्यावर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं असतं.

पुढच्या महिन्यात त्याचे लेट दोन झाले, त्यातल्या एका दिवशी पावणेसहाला फोन आलेला. तो फोनही कॅशियरने वहीत नोंदवला. सहा महिने नीट गेले तर ही ताकीद पुढे मोजली जाणार नाही, असं काकांनी नंतर एका चिठ्ठीवर लिहून दिलं. हे माझ्या सांगण्यावरून नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं.

तिसऱ्या महिन्यात काकांचा फोन आला. वहीत सगळ्यात जास्त लेट भाच्याचे निघाले होते, पाच, आणि आदल्या रात्री एकदाही क्लोजिंग नाही.

"आता याला काय करू, ताई?"

"तेच पत्र," मी म्हटलं. "तारखा बदला."