भट्टीवर उभं राहणाऱ्याने तोंड किती वेळा धुवावं?

"सोलापुरात एका खानावळीत भजी-पुरीच्या कढईवर असतो, सकाळपासून रात्री अकरापर्यंत. दिवसातून आठ-नऊ वेळा साबणाने तोंड धुतो, तरी तासाभरात चेहरा तेलकट होतो. धुतल्यावर चरचरतं आणि पुळ्याही येतात. कोणता साबण वापरू?"

साबण कोणता ते नंतर बघू, आधी धुणं कमी करा. फेसवॉश फक्त काम संपल्यावर एकदा, आणि वाटलंच तर सकाळी एकदा. मधल्या वेळात साबणाला हात लावू नका.

मी पार्लर चालवते आणि आमच्या घरची खानावळ आहे, त्यामुळे भट्टीवरचे चेहरे रोज जवळून बघते. तासाभरात जो तेलकटपणा दिसतो त्यातला बराचसा कढईच्या वाफेतून येऊन बसलेला असतो, त्यात घाम मिसळतो. साबणाने तो थांबत नाही. पण त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाच. अंघोळीच्या साबणाचा नऊ-दहा. एकदा धुतल्यावर त्वचेला पूर्ववत व्हायला काही तास लागतात, आणि तुम्ही त्याआधीच परत धुता. वरचा संरक्षक थर निघून जातो, मग घामातलं मीठ आणि मिरचीचा ठसका थेट आत झोंबतो. ओळखायची खूण सोपी आहे. तोंड धुऊन काहीही न लावता पंधरा मिनिटं बसा. गाल ओढल्यासारखे झाले, नाकाच्या कडेला कोंडा दिसला, तर धुणं जास्त होतंय.

त्यात आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, खानावळी बोअरवर चालतात. जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा साका होतो, बादलीच्या काठाला बसतो तोच. तो चेहऱ्यावरही राहतो. म्हणून शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं, ते दुपारी थेट तोंडावर मारू नका.

आमच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या मावशींना अगदी तुमच्यासारखाच त्रास होता. त्यांच्यासाठी तीन सुती रुमाल वेगळे ठेवले, रोज धुतलेले. घाम आला की ओला रुमाल चेहऱ्यावर नुसता दाबायचा, घासायचा नाही. ओटा पुसायचं फडकं किंवा पदर तोंडाला लावायचा नाही, कारण त्यात तेल आणि तिखट दोन्ही असतं. फार चिकट वाटलं तर माठाच्या पाण्याचे दोन हबके. रात्री साबणविरहित, सौम्य फेसवॉश हरभऱ्याएवढा, अर्धा मिनिट बोटांनी हलकेच फिरवून धुवायचा. त्वचा थोडी ओलसर असतानाच ग्लिसरीनचं जेलसारखं मॉइश्चरायझर, पातळ थर. तेलकट चेहऱ्याला हे कशाला, असं त्याही म्हणाल्या होत्या, पण आग थांबते ती यानेच. सकाळी भट्टीपुढे जाताना मात्र व्हॅसलीन किंवा जाड क्रीम नको. खाली घाम अडकून घामोळ्या उठतात. त्यांची चरचर आठवडा-दीड आठवड्यात गेली. पुळ्या कमी व्हायला दोन महिने लागले, तेवढा धीर धरावाच लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडली. सकाळी डोक्याला चोपडलेलं खोबरेल भट्टीच्या धगीने वितळून कपाळावर उतरत होतं. तेल रात्रीवर नेलं आणि टोपीखाली सुती पट्टी बांधली, तशी केसांच्या कडेची पुरळ ओसरली.

तुमच्या पुळ्या नीट बघा. काळे-पांढरे ठिपके आणि लहान-मोठे फोड असे मिसळलेले असतील तर ती नेहमीची मुरमं. पण कपाळावर सगळे दाणे एकाच आकाराचे, बारीक, आणि घाम आला की खाजणारे असतील, तर बहुधा ते घामट त्वचेवर वाढणाऱ्या यीस्टचं काम. त्यावर मुरमांची औषधं चालत नाहीत, उलट काही अँटिबायोटिक्सनी ते वाढतं. अशा वेळी सिव्हिलच्या त्वचा विभागात दाखवा.

आणि कृपा करून मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरेपणाची' किंवा 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नका. मागची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते आणि भट्टीपुढे उभं राहताच लालभडक होते. आधीपासूनच लावत असाल तर एकदम बंद करू नका, कारण त्याने आग भडकते. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, कमी कशी करायची ते तेच सांगतील.