अक्कलदाढ काढल्यावर ब्रोमेलेनची गोळी का देतात?

प्रश्न: अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टरांनी ब्रोमेलेन असलेली गोळी दिली. ते अननसातून येतं म्हणे. मग नुसता अननस खाल्ला तर सूज उतरेल का?

उत्तर: नाही, अननस खाऊन ते जमणार नाही. औषधाचं ब्रोमेलेन मुख्यतः अननसाच्या झाडाच्या खोडातून काढतात.

ब्रोमेलेन हा प्रथिनं तोडणारा एन्झाइम आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ब्रोमेलेनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक त्या साखळीच्या जोडावर हल्ला करतो, मग पाण्याच्या रेणूच्या मदतीने जोड तुटतो. घरी बघायचं असेल तर जिलेटिनच्या जेलीत ताज्या अननसाच्या फोडी घाला, जेली सेट होणारच नाही. डब्यातल्या फोडी घातल्या तर होते, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी झालेला असतो. अननसाच्या शिऱ्यातही शिजवताना तो असाच निकामी होतो.

दाढ काढताना हाड कोरलं की तिथे ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन तयार होतं. त्याने रक्तवाहिन्या पाझरतात, दुखतं आणि गाल फुगतो. शिवाय फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं जाळं साचून द्रव अडकतो. ब्रोमेलेन ब्रॅडिकायनिनचा कच्चा माल कमी करतं आणि फायब्रिन विरघळायला मदत करतं, म्हणून त्याचा अभ्यास होतो. थोडं ब्रोमेलेन आतड्यातून न तुटता रक्तात पोचतं, हेही दिसलं आहे.

पण चाचण्या लहान आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. काहींत सूज कमी झाली, काहींत फारसा फरक पडला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. अननसाची ॲलर्जी असेल तर ही गोळी घेऊच नका.