होस्टिंग बदलल्यावर साइट सापडेनाशी होते तेव्हा

प्रश्न: रविवारी रात्री दुकानाची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली. www चा रेकॉर्ड टाकायचा राहिला होता, तो लक्षात येताच टाकला. तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN येते. असे का?

रेकॉर्ड नसताना कोणीतरी, बहुधा तुम्हीच, साइट उघडून पाहिली असणार. त्या वेळी तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, ‘असे नाव नाही’ हे उत्तर मिळाले आणि सापडलेला पत्ता तो जसा जपून ठेवतो तसाच हा नकारही त्याने जपून ठेवला. तो किती काळ ठेवायचा हे तुमच्याच झोनमधील, म्हणजे डोमेनच्या सर्व रेकॉर्डांच्या यादीतील, एसओए रेकॉर्ड सांगतो: त्यातला शेवटचा आकडा आणि त्या रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल, म्हणजे तो किती सेकंद जपून ठेवायचा हा आकडा, यांपैकी जो लहान असेल तितके सेकंद.

तपासण्यासाठी आधी नव्या नेमसर्व्हरला, म्हणजे तुमचा झोन ठेवणाऱ्या सर्व्हरला, थेट विचारा आणि मग नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारा. आज्ञांमध्ये आपले डोमेन आणि आपला नेमसर्व्हर घाला.

```
dig @ns1.example.net www.example.com
dig www.example.com
```

पहिल्या आज्ञेला पत्ता मिळाला आणि दुसरीला पुढीलसारखे उत्तर आले, तर नवी मांडणी बरोबर आहे आणि अडथळा फक्त जुन्या नकाराचा आहे.

```
status: NXDOMAIN
example.com. 8114 IN SOA ns1.example.net. admin.example.com. 7 3600 1800 1209600 10800
```

येथे नकाराचे आयुष्य 10800 सेकंद, म्हणजे तीन तास आहे. त्यातले 8114 सेकंद उरले आहेत. याचा अर्थ हा नकार सुमारे 45 मिनिटांपूर्वी साठवला गेला आणि तो आणखी सव्वादोन तासांनी आपोआप गळून पडेल. काही मिनिटांनी तीच आज्ञा पुन्हा द्या. आकडा उतरत असेल तर झोनला हात न लावता थांबणे हेच योग्य. या अवस्थेत घाबरून रेकॉर्ड पुसणारे आणि पुन्हा टाकणारे अनेकजण मी पाहिले आहेत. पुसलेल्या मधल्या मिनिटांत कोणत्याही रिझॉल्व्हरने विचारणा केली तर त्याच्याकडे नवा नकार साठतो आणि वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

प्रश्न: मोबाइलच्या डेटावर साइट दिसते, ऑफिसच्या वायफायवर दिसत नाही. `ipconfig /flushdns` करूनही फरक नाही.

ती आज्ञा फक्त तुमच्या विंडोजमधील साठा पुसते. राउटर आणि त्यापलीकडचा रिझॉल्व्हर यांच्याकडील साठा तसाच राहतो. मोबाइल कंपनीचा रिझॉल्व्हर वेगळा असल्याने त्याने बदलानंतर पहिल्यांदा विचारले असेल, म्हणून तेथे साइट दिसते. राउटर एकदा बंद करून सुरू करा. तुम्ही 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 वापरत असाल, तर या दोन्ही सेवांच्या संकेतस्थळांवर विशिष्ट नावाचा साठा पुसून घेण्याची सोय आहे. इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरबाबत मात्र ग्राहकाला मुदत संपण्याची वाटच पाहावी लागते.

प्रश्न: आदल्या दिवशी टीटीएल 300 केला होता, मग नेमसर्व्हर बदलले. तरी काही ग्राहकांना दुसऱ्या दिवशीही जुनी साइट दिसत होती. जुने होस्टिंग कधी बंद करावे?

तुम्ही पत्त्याच्या रेकॉर्डचा टीटीएल उतरवलात, पण बदललेत नेमसर्व्हर. डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, ही नोंद .com च्या सर्व्हरांवरही असते आणि तिचा टीटीएल 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. तो तुमच्या हातात नाही. ज्या रिझॉल्व्हरने ही नोंद बदलाच्या थोडे आधी घेतली, तो मुदत संपेपर्यंत जुन्याच नेमसर्व्हरला विचारत राहू शकतो आणि तेथून दर पाच मिनिटांनी जुनाच पत्ता ताजा करून आणतो.

म्हणून जुन्या नेमसर्व्हरवरील झोन पुसू नये. उलट त्यातच नव्या होस्टिंगचा पत्ता टाकावा. मग कोणी जुन्या दाराने आले तरी नव्या घरातच पोहोचते. जुने होस्टिंग आणि जुना झोन किमान तीन दिवस चालू ठेवा. घाईने खाते बंद केल्यास याच ग्राहकांना जुन्या साइटऐवजी काहीच सापडणार नाही, आणि जुन्या पेटीत येणारी ईमेलही हरवू शकते.

प्रश्न: चार दिवस झाले. काही ठिकाणी साइट उघडते, काही ठिकाणी अजिबात नाही. आणखी किती थांबू?

आता थांबू नका, कारण कोणताही नेहमीचा टीटीएल इतका लांबत नाही. `dig example.com` ला SERVFAIL येते आणि `dig +cd example.com` ला पत्ता मिळतो का, ते पाहा. तसे असेल तर दोष साठ्याचा नसून डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरे आहे हे सहीने पटवणाऱ्या व्यवस्थेच्या, सहीचा आहे: जुन्या नेमसर्व्हरच्या किल्लीची डीएस नोंद रजिस्ट्रारकडे राहून गेली आहे. सही तपासणारे रिझॉल्व्हर ती जुळत नाही म्हणून उत्तर नाकारतात आणि न तपासणारे पत्ता देतात. रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून ती नोंद काढा. .com मध्ये डीएस नोंदीचा टीटीएल 86400 सेकंद असल्याने त्यानंतर मात्र एक दिवस धरावा लागेल.